अर्ज नव्हे, सूचना

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून महिन्यात, खांदा कॉलनीत पावसाने नुकतीच सुरुवात केली होती. संध्याकाळी आमच्या शेजारची सून दारात उभी राहिली. हातात ओली छत्री आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला एक कागद. ती बेलापूरला एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात काम करते. रोज खांदेश्वरहून लोकल पकडते, संध्याकाळी साडेसातला परत येते. पाचवा महिना संपला होता. म्हणाली, "काकू, एचआरला रजेचा अर्ज द्यायचाय. तुम्ही कायद्याचं वाचत असता, एकदा नजर टाकता का?"

मी वकील नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला एकवीस वर्षे कारकुनी केली. हजेरी, खाडे, रजा आणि पगाराची पत्रके हेच माझे शिक्षण. पुढे नोकरी सुटली आणि ग्रंथालयात बसून जुने कामगार कायदे, न्यायनिवाडे वाचायची सवय लागली. त्या सवयीमागे एक कारण आहे, ते पुढे येईलच.

तिचा कागद मी वाचला. इंग्रजीत होता, नीटनेटका होता. पहिले वाक्य विनंतीचे. मग प्रसूतीची अपेक्षित तारीख. मग काम कोणाकडे सोपवणार त्याची यादी आणि त्याखाली, 'गरज पडल्यास मी घरून लॅपटॉपवर उपलब्ध राहीन.' शेवटी, 'रजा संपल्यावर कामावर परत येण्याचा माझा मानस आहे' आणि 'कृपया रजा मंजूर करावी.'

मी तिला बसवले, चहा टाकला आणि म्हटले, "यातली दोन वाक्यं काढून टाक. आणि मुख्य म्हणजे, हा अर्जच नाही."

ती चमकली. पण माझे म्हणणे शब्दशः खरे होते. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा उघडला तर त्याच्या सहाव्या कलमात मालकाकडे करायचा 'अर्ज' नाही. तिथे 'सूचना' आहे, इंग्रजीत ज्याला नोटीस म्हणतात ती. बाईने मालकाला लेखी सूचना द्यायची आणि सूचना मिळाल्यावर मालकाने तिला गैरहजर राहू द्यायचे. मंजुरी हा टप्पाच त्यात नाही. अर्जाला नकार देता येतो, सूचनेची फक्त पोच द्यायची असते. हा एवढा फरक घडायला आपल्याकडे तीस-चाळीस वर्षे लागली, आणि त्यातली पहिली वर्षे मुंबईच्या गिरणगावात गेली.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे झालेल्या तिसऱ्या ठरावाचा विषय बाळंतपण हा होता. प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामाला लावू नये, आधी सहा आठवडे कामावरून दूर राहण्याचा तिला हक्क असावा आणि या काळातला खर्च सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून भागवावा, असे त्यात म्हटले होते. हिंदुस्थानने तो ठराव स्वीकारला नाही. पण चौकशी मात्र सुरू झाली. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या बाई डॉक्टरांना गिरण्यांतल्या बायकांच्या स्थितीचा अभ्यास करायला नेमले. त्यांचा अहवाल १९२२ साली 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफू घातलेली बाळगोळी चारून निजवून ठेवण्याची पद्धत चाळींमध्ये किती सर्रास होती, हे त्या अहवालाने सरकारी कागदावर आणले.

गिरणीत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीळ खात्यांत असत. त्यांच्यावर नायकीण असे. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाच्या जागी बदली भरायची, हे बहुतेक तिच्या आणि जॉबरच्या हातात. अशा ठिकाणी बाळंतपणाला गेलेल्या बाईची जागा राखून ठेवण्याचा कसलाही नियम नव्हता. ती परत येई तेव्हा तिच्या साच्यावर दुसरी बसलेली असे, आणि मग पुन्हा नायकिणीच्या मर्जीने सुरुवात. काही मोजक्या गिरण्यांनी स्वतःहून बाळंतपणाचा भत्ता सुरू केला होता, पण तो मालकाचा चांगुलपणा होता. चांगुलपणा मागायचा म्हणजे अर्जच करावा लागतो.

ना. म. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. मग मुंबई विधिमंडळात आर. एस. आसवले यांनी विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी भूमिका घेतली ती मला आजही या विषयातली सर्वात स्पष्ट भूमिका वाटते. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा, असे त्यांनी सांगितले. पण त्याच दमात हेही सांगितले की, सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाची सुटका होत नाही, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे म्हणूनच तो त्यांना ठेवतो. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. या विषयावरचा हिंदुस्थानातला हा पहिला कायदा. त्यात दर दिवशी आठ आणे मिळत, तेही काही आठवड्यांपुरते, आणि पैसे मालकाने द्यायचे.

हा शेवटचा तपशील लहान दिसतो, पण पुढच्या शंभर वर्षांची सगळी ओढाताण त्यात आहे. वॉशिंग्टनच्या ठरावात खर्च सगळ्यांत वाटला जाणार होता. मुंबईच्या कायद्यात तो ज्या मालकाकडे ती बाई होती त्याच्या एकट्याच्या वहीत पडला. साहजिकच काही मालकांना सोपा हिशेब सुचला: बाईच नको. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. पुढच्या तीन-चार दशकांत त्यांची संख्या इतकी घटली की गिरणगाव म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर येऊ लागले. याला हा कायदा एकटा कारण नव्हता. रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रे, कामाची फेररचना ही मोठी कारणे होतीच. पण बाळंतपणाचा खर्च हेही त्यांतले एक होते, आणि आजही मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' असे विचारले जाते त्याचे मूळ याच हिशेबात आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात वॉशिंग्टनची कल्पना काही प्रमाणात उतरली. मालक आणि कामगार दोघे वर्गणी भरतात आणि बाळंतपणाचे पैसे महामंडळ देते. पण ही योजना ठरावीक पगाराच्या आतल्यांनाच लागू आहे. आज ती मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. त्यापुढच्यांसाठी १९६१ चा कायदा, आणि त्यात पुन्हा पैसे देणारा एकटा मालक. शेजारची सून या दुसऱ्या गटात होती. म्हणून मी तिला आधी पगाराची स्लिप बघायला सांगितले. विम्याची वर्गणी कापली जात असेल तर कागद वेगळ्या दारात न्यावा लागतो, आणि पुष्कळ जणींचे पहिले दोन महिने चुकीच्या दारात जातात.

आता सूचनेकडे येऊ. सहाव्या कलमाप्रमाणे तिच्यात तीन गोष्टी हव्यात. पहिली, लाभाची रक्कम मला किंवा मी नाव देईन त्या व्यक्तीला द्यावी. दुसरी, ज्या काळाचे पैसे घेईन त्या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. तिसरी, मी कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणार. बस, एवढेच. चार्ज कोणाला देणार हे कायदा विचारत नाही. परत येणार का, हेही विचारत नाही. या दोन गोष्टी कार्यालयांच्या रिवाजातून आल्या आहेत. त्यांवर पुढे बोलू. आधी तारीख.

तारखेचा हिशेब जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाने होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि नऊ महिने पुढे जायचे. तिची तारीख होती १० जानेवारी २०२५. म्हणजे अपेक्षित प्रसूती १७ ऑक्टोबर २०२५. मोजून पाहिले तर बरोबर २८० दिवस भरतात. तो दिवस वसुबारसेचा होता. तिची सासू लगेच म्हणाली, "गायवासराच्या दिवशी, बघ!" मी म्हटले, ठरलेल्या तारखेला जन्मणारी मुले थोडीच असतात, तेव्हा या तारखेवर फार विसंबू नका. पण कायदा मात्र एका बाबतीत याच तारखेवर विसंबतो.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा एकूण २६ आठवडे, पण त्यांतले अपेक्षित तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ. दोन मुले हयात असताना तिसरे असेल तर एकूण १२ आणि आधी सहा. हिचे पहिलेच बाळंतपण, म्हणजे २६. सतरा ऑक्टोबरच्या मागे ५६ दिवस मोजले की येतो २२ ऑगस्ट. त्याआधीची तारीख सूचनेत घालता येत नाही. त्यानंतरची कोणतीही घालता येते. इथे पुष्कळ जणींची एक समजूत असते की आधीचे आठ आठवडे घेतले नाहीत तर बुडतात. तसे नाही. आठ ही आधीची कमाल मर्यादा आहे, वेगळी पोटली नाही. आधी जितके कमी घ्याल तितके नंतर जास्त उरतात.

आम्ही दोन्ही बाजूंनी मांडून पाहिले. २२ ऑगस्टपासून रजा धरली तर १८२ वा दिवस १९ फेब्रुवारी २०२६ आणि कामावर परत यायचा दिवस २० फेब्रुवारी. २२ सप्टेंबरपासून धरली तर रजा २२ मार्चला संपते आणि २३ मार्चला हजर व्हायचे. दुसऱ्या पर्यायात बाळाबरोबर महिनाभर अधिक मिळतो, पण नवव्या महिन्यात लोकलचा प्रवास करावा लागतो. तिने डॉक्टरांना विचारले. त्यांनी हरकत नाही म्हटले. तिने घटस्थापनेचा सोमवार, २२ सप्टेंबर ही तारीख घेतली.

१८२ दिवस मोजताना मी रविवारही मोजले, हे तिच्या लक्षात आले. "काकू, सुट्टीचे दिवस वगळायचे ना?" तिने सहज विचारले. आणि मला माझा कागद आठवला.

१९९६ साली मी त्या कारखान्यात रोजंदारीवर होते. रोज ६५ रुपये. तेव्हा रजा १२ आठवड्यांची होती. मी स्वतःच्या हाताने टाइप करून अर्ज दिला, 'मंजूर करावी ही नम्र विनंती' असे लिहून. रजा मिळाली, पैसेही मिळाले, ७२ दिवसांचे. बारा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, बहात्तर. रविवारी काम नसते, मग पगार कसला, हा युक्तिवाद मला तेव्हा बिनतोड वाटला होता. मी तर रोज हाच हिशेब दुसऱ्यांसाठी करत होते. त्याच वेळी साहेबांनी माझ्याकडून तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेतली. 'नुसती फाइलला लावायला,' म्हणाले. मी परत कामावर गेले तेव्हा तो कागद कोणी काढला नाही, पण पुढची कित्येक वर्षे तो फाइलमध्ये आहे हे मला माहीत होते. वरच्या आवाजात बोलायची वेळ आली की तो आठवायचा.

२००९ मध्ये ग्रंथालयात निवाडे चाळताना मला बी. शहा विरुद्ध कोइमतूरचे कामगार न्यायालय हे प्रकरण सापडले. एका मळ्यात काम करणाऱ्या बाईला मालकाने रविवार वगळून ७२ दिवसांचे पैसे दिले होते. तिचे म्हणणे होते की ८४ दिवसांचे हवेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारसकट. हा लाभ केलेल्या कामाची मजुरी नाही. काम करता येत नाही त्या काळात आई आणि मूल दोघांचे पोषण व्हावे म्हणून तो आहे, आणि पोटाला रविवारची सुट्टी नसते. माझी रजा झाली त्याच्या एकोणीस वर्षे आधीचा हा निकाल. बारा दिवसांचे माझे ७८० रुपये, आणि वर कायद्याने मिळणारा २५० रुपयांचा वैद्यकीय बोनस, ज्याचे नावही मी ऐकले नव्हते. रक्कम मोठी नव्हती. पण टाइम ऑफिसात बसून मी स्वतः इतर किती जणींचा हिशेब ७२ ने केला असेल, या विचाराने त्या दिवशी मला ग्रंथालयातून उठवेना. वाचनाची सवय लागली ती तेव्हापासून.

म्हणून सुनेला मी सांगितले की रविवार, सणाच्या सुट्ट्या, सगळे धरून १८२. आणि पैसे रजेच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी वेतनावर. तिच्या बाबतीत जून, जुलै, ऑगस्ट. या तीन महिन्यांत बिनपगारी खाडे झाले तर सरासरी काढताना कोणत्या दिवसांनी भागले आहे ते तपासायचे, कारण कायद्यात सरासरी काम केलेल्या दिवसांची आहे. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे गर्भारपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि नंतरच्या काळाचे, प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत, असे कलमात लिहिले आहे. आता बहुतेक कंपन्या दरमहा पगारासारखेच देतात आणि तेच सोयीचे पडते, पण कोणी 'परत आल्यावर एकदम देऊ' म्हणाले तर हे ४८ तास आठवावेत.

आता चार्जबद्दल. तिच्याकडे पुरवठादारांची बिले, दर महिन्याच्या ७ तारखेला भरायचा टीडीएस आणि जीएसटीची दोन विवरणपत्रे, ११ आणि २० तारखेची, अशी कामे होती. पहिल्या मसुद्यात तिने कामांपुढे फक्त सहकाऱ्याचे नाव लिहिले होते. कारकुनीच्या अनुभवाने मला माहीत आहे की अशी यादी पहिल्याच महिन्यात कोलमडते. नाव लिहिल्याने काम शिकून होत नाही. आम्ही यादी महिन्यांच्या चक्रावर बसवली. ऑगस्टमध्ये भरायची विवरणपत्रे ती भरेल आणि सहकारी शेजारी बसून पाहील. सप्टेंबरची सहकारी भरेल आणि ती शेजारी बसेल. २० सप्टेंबरचे विवरणपत्र गेले की २२ तारखेपासून रजा. म्हणजे प्रत्येक काम एकदा पाहून आणि एकदा करून झालेले असेल. शिवाय दोन पुरवठादारांशी रकमेचा वाद चालू होता, त्यांचा पत्रव्यवहार कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि काय कबूल झाले आहे, हे तिने वेगळे अर्धे पान लिहिले. वाद हीच गोष्ट फायलीत कमी आणि डोक्यात जास्त असते.

मग एक जागा सापडली जी तिलाही सुचली नव्हती. पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर तिचा होता. ओटीपी तिच्याच फोनवर येणार. म्हणजे ती बाळंतिणीच्या खोलीत असताना २० तारखेला कार्यालयातून फोन येणारच. नंबर बदलण्याचे काम तिने जुलैतच साहेबांकडून करून घेतले.

आणि इथेच ते लॅपटॉपचे वाक्य येते. 'गरज पडल्यास उपलब्ध राहीन.' मुलींना हे लिहिल्याशिवाय बरे वाटत नाही, कारण न लिहिणे म्हणजे कामचुकारपणा अशी भावना असते. पण कायद्याच्या बाजूने पाहा. सूचनेत बाई स्वतःच लिहून देते की या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. रजेवर गेल्यानंतर तिने काम केले तर त्या काळाचा लाभ गमावण्याचे कलम त्याच कायद्यात आहे. आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर मालकाने जाणूनबुजून तिला काम द्यायलाच मनाई आहे. ती बाई राजी असली तरी. म्हणजे एकाच पानावर वर 'काम करणार नाही' आणि खाली 'लॅपटॉपवर उपलब्ध' अशी दोन विरुद्ध वचने. घरून काम करण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीत आहे, पण ती २६ आठवडे संपल्यानंतरची, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर दोघांच्या संमतीने. आम्ही ते वाक्य काढले. त्या जागी लिहिले: 'रजेच्या काळात या कामांसाठी पुढील सहकाऱ्यांशी संपर्क साधावा.'

उरले 'परत येण्याचा मानस.' आपल्या कायद्यात याला जागा नाही. परत येण्याच्या अटीवर लाभ मिळत नाही. मग हे वाक्य आले कुठून? माझा अंदाज असा की ते ब्रिटनहून आले असावे. तिथल्या १९७५ च्या कायद्यात कामावर परतण्याचा हक्क हवा असेल तर बाईने रजेच्या किमान तीन आठवडे आधी मालकाला कळवायचे असे की मी बाळंतपणासाठी जात आहे आणि परत येण्याचा माझा इरादा आहे. तिथे ते हक्काचे कुलूप उघडणारे वाक्य होते. आपल्याकडे एचआरच्या तयार नमुन्यांतून ते नुसते सौजन्य म्हणून उतरले असणार.

तरी ते वाक्य मी काढायला सांगितले नाही. कारण आपल्याकडेही बाळंतपणाची बातमी म्हणजेच राजीनामा, असा काळ फार जुना नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या सेवानियमांत पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपत असे. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती अट १९८१ मध्ये रद्द केली. लग्नाबद्दलची चार वर्षांची अट मात्र न्यायालयाने राहू दिली, हेही नोंदवायला हवे. त्या आधी अशा बाईला 'मी परत येईन' असे लिहायला कागदच नव्हता. आणि माझ्या फाइलमध्ये तो तारीख नसलेला राजीनामा होताच. म्हणून मी तिला म्हटले, मानस लिहू नकोस, तारीख लिही. बाराव्या कलमाप्रमाणे रजेच्या काळात किंवा रजेच्या कारणाने कामावरून काढणे आणि तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदा आहे. तेव्हा तारीख आणि पद, दोन्ही कागदावर असलेले बरे.

शेवटी जो मसुदा झाला तो मराठीत असा होईल:

'मा. मनुष्यबळ व्यवस्थापक यांस. विषय: मातृत्व लाभ कायदा, १९६१, कलम ६ प्रमाणे सूचना. मी आपल्या हिशेब विभागात वरिष्ठ सहायक म्हणून काम करते. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १७ ऑक्टोबर २०२५ असून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी सोमवार, २२ सप्टेंबर २०२५ पासून कामावर गैरहजर राहीन. कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांचा कालावधी २२ मार्च २०२६ रोजी संपतो. सोमवार, २३ मार्च २०२६ रोजी मी माझ्या सध्याच्या पदावर हजर होईन. लाभाची रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी. माझ्या पश्चात ती माझ्या पतीस द्यावी. ज्या काळाचा लाभ घेईन त्या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. कामे सोपवण्याचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. प्रत्यक्ष प्रसूतीची तारीख मी पुराव्यासह कळवीन. कृपया या सूचनेची पोच द्यावी.'

'मंजूर करावी' नाही, 'पोच द्यावी.' ते एक वाक्य लिहिताना ती थोडी घुटमळली. "उद्धट नाही ना वाटत?" मी म्हटले, नम्रपणे मागितलेली पोच ही पोचच असते. तिने १ जुलैला ईमेल केला आणि छापील प्रतीवर सही-शिक्काही घेतला.

याच सुमाराला तिच्या नवऱ्यानेही आपल्या कंपनीत कागद दिला. तो मात्र खरोखरच अर्ज होता. केंद्र सरकारच्या नोकरांना १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, दोनपेक्षा कमी हयात मुले असतील तर, आणि ती प्रसूतीच्या आधी पंधरा दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र कोणताही कायदा नाही. म्हणून त्याच्या कागदात 'विनंती' होती, 'कृपया' होते, 'कामाचे नुकसान होऊ देणार नाही' असे आश्वासन होते. १९२० सालच्या गिरणीतली बाई लिहिती झाली असती तर तिने याच भाषेत लिहिले असते. त्याला सात दिवस मिळाले. एकाच घरातून एकाच बाळासाठी गेलेले हे दोन कागद मी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा हक्क आणि मेहेरबानी यांची भाषा किती निराळी असते ते कळले.

बाळ वसुबारसेची वाट न पाहता ११ ऑक्टोबरला आले. मुलगी. सहा दिवस आधी आल्याने रजेच्या हिशेबात काहीच बदलले नाही, कारण मोजणी २२ सप्टेंबरपासून सुरू झालेलीच होती. फक्त सक्तीच्या विश्रांतीचे सहा आठवडे ११ ऑक्टोबरपासून धरायचे. समजा बाळ २२ सप्टेंबरच्याही आधी आले असते, तरी बिघडले नसते. सूचना राहून गेली तर प्रसूतीनंतर लवकरात लवकर द्यावी, आणि न दिल्याने हक्क जात नाही, हे कलमातच लिहिले आहे.

तिची रजा चालू असतानाच, २१ नोव्हेंबर २०२५ ला, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात विलीन झाला. तिची सूचना एका कायद्याखाली गेली आणि ती परतली दुसऱ्याखाली. आठवडे तेच राहिले, सूचनेचे कलमही जवळजवळ तेच. पैसे कोणी द्यायचे याचे उत्तरही तेच राहिले. विम्याच्या मर्यादेबाहेर, एकट्या मालकाने. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या ठरावातही म्हटले आहे की हा खर्च एकेकट्या मालकावर टाकू नये, आणि १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात तेच सांगून झाले होते. तो मुद्दा सुटत नाही तोवर मुलाखतीतला तो प्रश्नही सुटणार नाही.

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी, २३ मार्चला सकाळी, ती खांदेश्वर स्टेशनकडे निघाली. सासूच्या कडेवर मुलगी होती. संध्याकाळी परत आल्यावर ती आधी आमच्या दारात आली. "काकू, टेबल तेच होतं. खुर्ची मात्र कोणीतरी बदललीये, माझी चांगली होती." मी म्हटले, खुर्चीसाठी अर्ज कर. तिथे अर्ज चालतो.